जावेचं टोचायचं पेन

साखरेचं दुखणं आम्हा दोघी जावांना एकाच वर्षी लागलं, पण रक्तातली साखर मोजायचं मशीन आलं फक्त थोरल्या जावेला, बारामतीच्या भावाकडून. माझ्या माहेरी कुणाला असलं सुचलं नाही. ती ओसरीवर बसून सुईच्या पेनानं बोट टोचायची, पट्टीवर थेंब घ्यायची, आणि इकडं माझ्या पोटात आग पडायची. वापरलेली सुई न् पट्टी ती फिनेलच्या रिकाम्या, जाड प्लॅस्टिकच्या डब्यात टाकून झाकण घट्ट लावायची. डबा भरत आला की चिकटपट्टी लावून दवाखान्यात नेऊन द्यायची. कचऱ्याचासुद्धा काय तो तोरा!

आमच्या घरात दोघींचं सगळं सामाईक, अगदी नथसुद्धा. सासूबाई म्हणाल्या, "पेनबी दोघीत वापरा."

"मशीन पुसून दीन, पेन न्हाय देणार," जाऊ म्हणाली.

"नवी सुई घालीन की मी!"

"सुई बदलली तरी पेनाच्या तोंडाला रक्त ऱ्हातं, डोळ्याला दिसत न्हाय. त्यातनं एकीची कावीळ दुसरीला जाती."

नथ देते आणि पेन देत नाही! मी अबोला धरला.

पुढं तिचा भाऊ आला. जावेनं माझ्यापुढं नवं कोरं पेन आणि झाकणाचा रिकामा डबा ठेवला. "हे तुझं. त्याला पयल्याच दिवशी सांगितलं हुतं मी."

पेन मी घेतलं. पण आग विझली नाही, उलट भडकलीच. आता चांगुलपणातही तीच थोरली!