आईंच्या फोनवर आलेले साडेतेराशे

मी गाऊन विकते. सुती, दोन्ही बाजूंना खिसे असलेले, बिबवेवाडीतल्या आमच्या दोन खोल्यांमधून. खिशांचा आग्रह माझा. बाकी सगळा कारभार सासूबाईंच्या पैशातून सुरू झाला, म्हणून पार्सलवर आजही त्यांचाच मोबाइल नंबर छापलेला असतो. आमची निम्मी गिऱ्हाइकं कॅश ऑन डिलिव्हरीवाली. गाऊन हातात पडला, की पैसे कुरिअरवाल्याच्या हातात.

ते पैसे माझ्यापर्यंत येण्याची तऱ्हा मात्र निराळी. रायडर गोळा केलेली रोकड संध्याकाळी कुरिअरच्या गोदामात भरतो. कंपनी ती आठवडाभर स्वतःकडे ठेवते आणि मग एका गुरुवारी सगळ्या पार्सलांची मिळून एकच रक्कम माझ्या खात्यात टाकते. त्यातून त्यांची फी कापलेली, परत आलेल्या पार्सलांचं भाडं कापलेलं. कुठल्या पार्सलचे किती, याची यादी मेलवर वेगळी येते. दर गुरुवारी चहा गार होईपर्यंत मी ती यादी माझ्या एक्सेलशी ताडून बघते. जुळलं की हिरवं, नाही जुळलं की लाल. लाल रंग दिसला, की माझं डोकं फिरतं. लपवण्यात काय अर्थ आहे, सगळ्या सोसायटीला माहीत आहे.

त्या महिन्यात कर्वेनगरचं एक पार्सल लाल होऊन बसलं. दोन गाऊन, साडेतेराशे रुपये. कंपनीच्या साइटवर 'डिलिव्हर झाले' असं ठसठशीत लिहिलेलं, पण गुरुवारच्या यादीत त्या नंबरचा पत्ता नाही. म्हटलं, उशीर झाला असेल, होतो कधी कधी. दुसरा गुरुवार आला, तरी नाही. मग मी तक्रारीच्या खिडकीत जाऊन टाइप केलं: 'आपल्या रायडरने रोकड घेऊन जमा केलेली नाही. कारवाई करावी.' 'कारवाई' हा शब्द लिहिताना मला फार बरं वाटलं होतं, हेही सांगून टाकते.

तीन दिवसांनी कंपनीकडून फोन आला. रायडरचा आयडी बंद केलाय, म्हणाले, पण गिऱ्हाइकाने पैसे दिल्याचा काही पुरावा मिळेल का? मी कर्वेनगरच्या बाईंना फोन लावला.

"अहो, रोकड कुठली? मी ऑनलाइन पाठवले की, तुमच्याच नंबरवर," त्या म्हणाल्या. "घरात सुट्टे नव्हते आणि त्याच्या मोबाइलवरचा क्यूआर काही चालेना. म्हणून पार्सलवरच्या नंबरला फोन केला. आजींशी बोलणं झालं. त्यांनी फोन स्पीकरवर ठेवायला लावला आणि त्याला सांगितलं, पैसे मला पोचले, द्या पार्सल."

सासूबाई माहेरच्या नारायण पेठेतल्या आणि तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेल्या. त्यांनी 'द्या' म्हटल्यावर कुणीही देतं. त्या बाल्कनीत मटार सोलत होत्या.

"आई, कर्वेनगरच्या बाईंनी तुम्हाला पैसे पाठवले होते?"

"हो. साडेतेराशे."

"मग सांगितलं नाहीत ते?"

"घरातले पैसे घरात आले. त्यात सांगायचं काय?"

मी डोक्याला हात लावला. त्यांना बसवून समजावलं. पार्सलवर साडेतेराशे रोख गोळा करायचे असं छापलेलं असतं, म्हणून संध्याकाळी गोदामात त्या रायडरकडून तेवढे मोजून मागतात. त्याने पार्सल दिलं, हातात काही घेतलं नाही, म्हणून त्याच्या नावावर तेवढे कमी पडले. आणि वरून मी त्याच्यावर चोरीचा आळ घेतला. आयडी बंद म्हणजे पार्सलं बंद, आणि त्याला पैसे मिळतात ते पार्सलामागे.

आईंनी मटारांचं ताट बाजूला सारलं आणि म्हणाल्या, "चपला घाल. रिक्षा बघ."

गोदामात मॅनेजरने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. त्याच्याकडे नियम होता. "मॅडम, ते साडेतेराशे इथे रोख भरा. त्या पार्सलच्या नंबरवर जमा होतील, त्याचं शॉर्टेज क्लिअर होईल, तक्रार तुम्ही मागे घ्या, आयडी चालू."

"आणि आम्ही भरलेल्या पैशांचं काय?" आईंनी विचारलं.

"ते तुम्हालाच येणार. पुढच्या गुरुवारी."

"म्हणजे माझे पैसे मी तुम्हाला द्यायचे, आणि तुम्ही ते आठवड्याने माझ्याच घरी पाठवणार."

"हो. फी कापून."

आईंनी त्याच्याकडे वर्गात उशिरा आलेल्या मुलाकडे बघावं तसं बघितलं आणि पर्स उघडली. नोटा दोनदा मोजल्या. वर कोरा कागद मागून, झालेल्या चुकीचा आपणहून खुलासा लिहून दिला, खाली तारीख, सही. मॅनेजर म्हणाला, एवढं सुवाच्य पत्र या गोदामात आजवर आलेलं नाही.

तेवढ्यात तो रायडर आला. मॅनेजरनेच बोलावून घेतलं होतं. चाळिशीचा, वर्ध्याकडचा, कारखाना बंद पडल्यावर या कामाला लागलेला. मला वाटलं होतं तो ओरडेल. नाही ओरडला.

"आजी, मी तुम्हाला दोनदा फोन केला होता," तो म्हणाला. "दुपारी."

"दुपारी मी झोपते," आई म्हणाल्या. मग जरा थांबून, "चूक माझी झाली. तीन दिवसांचे किती बुडाले तुमचे?"

त्याने आकडा सांगितला. आईंनी दिले, त्याने घेतले. उगाच आढेवेढे घेतले नाहीत, आणि मला फार बरं वाटलं. मीही माफी मागायला तोंड उघडलं, पण तो माझ्याकडे वळून म्हणाला, "मॅडम, डिलिव्हरीच्या मेसेजमध्ये माझा नंबर असते. तक्रार टाकायच्या आधी मला एक फोन करायचा ना."

मेसेज माझ्या फोनमध्ये अजून होता, नंबरासकट. दोन आठवडे मी त्या लाल चौकोनाकडे बघत बसले होते आणि एकदाही तो नंबर दाबला नव्हता. रिक्षात परत येताना मला अतोनात लाज वाटली. आईंनाही वाटली असावी, कारण त्या रिक्षावाल्याशी मीटरवरून वाद न घालता उतरल्या.

पुढच्या गुरुवारी ते पार्सल यादीत आलं, फी कापून. मी ते हिरवं केलं आणि एक्सेलमध्ये 'तक्रार' या रकान्याच्या आधी दोन नवे रकाने घातले: 'आईंना विचारलं?' आणि 'रायडरला फोन केला?' पहिला आई स्वतः भरतात, चष्मा लावून. पार्सलवर आता माझा नंबर असतो.

मागच्या गुरुवारी पुन्हा एक लाल निघालं. त्या रायडरच्याच भागातलं, नऊशे पन्नास. डोकं फिरायला लागलं होतं, पण आधी आईंना विचारलं, मग त्याला फोन लावला. मी काही बोलायच्या आधीच तो हसत म्हणाला, "मॅडम, माझ्याकडून कालच भरलेत जी, म्हणून यादीत नाही. या टायमाले तुमचा फोन बघा, आजीचा नको." मी बघितलं. गिऱ्हाइकाचे नऊशे पन्नास माझ्याच खात्यात येऊन पडले होते, आणि ते त्याने स्वतःच्या खिशातून गोदामात भरून, माझ्या फोनची वाट बघितली होती.