पस्तिसावा खांब

भिंगारच्या पलीकडे घेतलेल्या प्लॉटला रेडिमेड कंपाउंड घालायचं ठरलं, तेव्हाच मी मनाशी म्हटलं, हा ठेकेदार मला गंडवणार. चारी बाजू मिळून दोन खांबांमधले सात-सात फुटांचे छत्तीस गाळे होत होते, म्हणजे छत्तीस खांब. त्यातले दोन गाळे गेटसाठी सोडले, की उरले चौतीस. टेम्पोतून मात्र पस्तीस खांब उतरले.

"हा एक कुणाच्या घरचा?" मी विचारलं.

"गेट सोडलं की लागतो, काका," ठेकेदार म्हणाला.

गाळे चौतीस आणि खांब पस्तीस? असलं गणित दुसऱ्याला शिकव, म्हणून मी तो खांब परत टेम्पोत चढवायला लावला. त्याने तो लगेच चढवलाही, तेव्हा तर माझी खात्रीच पटली.

गेटच्या डाव्या खांबापासून निघालेली भिंत प्लॉटला वळसा घालून तिसऱ्या दिवशी गेटच्या उजव्या बाजूला आली. शेवटच्या गाळ्यात सिमेंटच्या फळ्या सरकवायच्या, तर पलीकडचं टोक अडकवायला खांबच नाही. ठेकेदाराने फळीचं एक टोक खाचेत बसवलं आणि दुसरं माझ्याकडे केलं.

"धरा काका. पस्तिसावा खांब आता तुमीच."