प्रकृती उत्तम असल्याचा कागद

उन्हाळा आला की माझ्या गळ्यावरची रेघ जागी होते. घामाचा थेंब कानामागून उतरतो, तिथे क्षणभर अडतो आणि बांधाला लागलेल्या पाण्यासारखा कडेकडेने वळून निघून जातो. थायरॉईडची गाठ काढली, त्याची ही खूण. गाठ साधी निघाली. पण ती काढताना आवाजाची नस दुखावली आणि पुढे कित्येक महिने माझ्या तोंडून शब्दांऐवजी वाळक्या पानांची सळसळ बाहेर पडत राहिली. मी तासिका तत्त्वावर महाविद्यालयात कविता शिकवत असे. तास नाही तर मानधन नाही. त्या मुक्या काळात घरातल्या ज्या गोष्टी आवाज न करता थांबल्या, त्यांत माझ्या आयुर्विम्याचे हप्तेही होते.

आवाज परतला, थोडा खालच्या पट्टीत. तासही परतले. हप्ते मात्र पुढच्या महिन्यात पाहू म्हणत राहून गेले, आणि एका चैत्रात विमा कंपनीचे पत्र आले : बंद पडलेली पॉलिसी पुन्हा चालू करण्याची पाच वर्षांची मुदत संपत आली आहे. पंधरवडाभर उरला होता. त्यानंतर ती कायमची बंद.

पत्र वाचून यजमान बराच वेळ हात धूत राहिले. केडगावात त्यांचे गाड्यांच्या बॅटऱ्या दुरुस्त करण्याचे दुकान आहे. ॲसिडचा आंबूस वास त्यांच्या बोटांतून साबणानेही जात नाही. दुकान कधी चालते, कधी नाही. माझ्यामागे मुलीच्या शिक्षणाला पुरेल असे आमच्याकडे या पॉलिसीखेरीज काहीच नव्हते. नवी घ्यायची तर माझे वय आणि गळ्यावरची रेघ दोन्ही आड येणार. त्यांनी आपल्या मावसभावाला फोन लावला.

हे भाऊजी देवळाली प्रवऱ्याला असतात. थोडा ऊस आणि जोडीला विम्याची एजन्सी. पॉलिसी त्यांनीच काढून दिली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी ते मोटारसायकलवर आले; त्यांच्या सदऱ्याला उसाच्या पाचटाचा गोडसर, धुळकट वास होता. त्यांनी कागद पसरले आणि काय काय लागेल ते सांगितले. थकलेले सगळे हप्ते, त्यांवरचे विलंब शुल्क आणि प्रकृतीचे निवेदन, म्हणजे पॉलिसी काढल्यापासून माझी प्रकृती कशी होती याचा माझ्या सहीचा जबाब. हप्त्यांचे पैसे आम्ही जमवले होते. विलंब शुल्काचा आकडा ऐकून यजमानांनी पाण्याचा तांब्या उचलला आणि न पिता खाली ठेवला.

"माफीचा अर्ज करू," भाऊजी म्हणाले. "तो तुमी लिवा, वहिनी. सायबाच्या डोळ्यात पानी आलं पायजे. हा दुसरा कागुद मी भरतो, त्यात काय कविता नसती."

मी खिडकीशी बसून अर्ज लिहिला. खरे सांगायचे तर मन लावून लिहिला. मुके झालेले घर, वर्गाच्या दाराशी जाऊन परत फिरलेली पावले, हाक मारता येत नाही म्हणून लेकीसाठी वाजवलेली वाटी, सगळे त्यात आले. शस्त्रक्रिया आली, आजारपण आले. वाक्यांची वजने मी जिभेवर तोलून पाहिली. पलीकडे भाऊजी प्रश्नांपुढे भराभर खुणा करत होते. पॉलिसी काढल्यापासून कोणता आजार? नाही. रुग्णालयात दाखल? नाही. शस्त्रक्रिया? नाही. सध्या औषध चालू? नाही. मी एकदा मान वर करून हे काय म्हणून विचारले.

"गाठ निघाली, इषय संपला. आता बऱ्या हायेत ना? मग बरंच लिवायचं. खरं लिवलं तर डॉक्टर आला, रिपोर्ट आले, फाइल वर गेली. मुदतीत बसायचं न्हाई."

मुदत म्हटल्यावर मी पेन उचलले. मी सही केली. मला त्या क्षणी तो कागद केवळ कचेरीचा वाटला, आणि अर्ज माझा. दोन्ही एकाच टाचणीला लागतील, हे माझ्या ध्यानात आले नाही. भाऊजींनी अर्ज वाचला नाही. शिकलेल्या बाईने लिहिले म्हणजे चांगलेच असणार, एवढा त्यांचा विश्वास होता.

विमा कंपनीच्या सावेडीतल्या शाखेत दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे टेबलापुढे बसलो. डोक्यावर पंखा कुरकुरत होता; टेबलावरच्या ओल्या स्पंजाचा वास शाळेतल्या पाटीची आठवण करून देत होता. समोरच्या अधिकारी बाई माझ्याच वयाच्या असाव्यात. त्यांनी माझा अर्ज आधी उचलला. शेवटपर्यंत वाचला, आणि मला आत कुठेतरी सुखावल्यासारखे झाले. मग त्यांनी टाचणी काढली, निवेदनाचा कागद शेजारी ठेवला आणि दोहोंवर एकेक बोट टेकवले.

"मॅडम, इथे तुमची शस्त्रक्रिया झाली आहे. इथे झालेली नाही. मी कोणती धरू?"

पंख्याचा आवाज एकदम मोठा झाला. माझा हात आपोआप गळ्याशी गेला आणि पदर वर सरकला. पण ती रेघ त्यांनी आधीच पाहिली असणार. भाऊजींनी खाकरून, कागद दाखल झाल्याचा आवक शिक्का अजून पडलेला नाही याकडे नम्रपणे लक्ष वेधले. मग माझ्याकडे झुकून, ओठ न हलवता म्हणाले,

"अर्ज माघारी घ्या. दंड भरू पुरा. मंग फाइल साफ."

यजमानांनी माझ्याकडे पाहिले नाही. ते आपली बोटे पाहत होते. मला ठाऊक होते, दंडासाठी ते दुकानातले चार्जिंगचे यंत्र विकतील आणि मला सांगणारही नाहीत. एक कागद उचलायचा अवकाश होता. पॉलिसी चालू झाली असती.

अधिकारी बाईंनी आमची कुजबुज ऐकली असावी. त्या रागावल्या नाहीत. पॉलिसी पुन्हा चालू झाली, की त्या तारखेपासून तीन वर्षे कंपनी हा जबाब तपासू शकते, एवढे त्यांनी समजावून सांगितले. मग आवाज खाली घेऊन म्हणाल्या, "त्या काळात काही बरेवाईट झाले, तर हाच कागद बाहेर काढतील. तेव्हा उत्तर द्यायला तुम्ही नसाल. वारस म्हणून मुलीचे नाव आहे ना? ती असेल."

मला लेक दिसली. याच खुर्चीवर, याच कुरकुरत्या पंख्याखाली, माझ्या सहीकडे पाहत बसलेली.

मी निवेदनाचा कागद परत मागून घेतला, अर्ज नाही. कोरे निवेदन मागितले. भाऊजी उठून बाहेर गेले. काचेपलीकडे ते तंबाखू मळताना दिसत होते, गरजेपेक्षा फार जोराने.

ते निवेदन मी स्वतः भरले. शस्त्रक्रियेची तारीख, रुग्णालय, गाठीच्या तपासणीचा निष्कर्ष, रोज सकाळी उपाशीपोटी घ्यायची गोळी. त्या चौकटींत एकही विशेषण मावत नव्हते. लिहून झाल्यावर पाहिले, तर माझे अक्षर मलाच परके वाटले. बाईंनी शिक्का मारला. शुल्कात सवलत सहसा कंपनीच्या खास मोहिमेत मिळते, एरवी शिफारस करून अर्ज विभागीय कार्यालयाकडे पाठवणे एवढेच हाती असते, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले. हप्त्यांची रक्कम अनामत म्हणून जमा झाली. निर्णय येईपर्यंत पॉलिसी बंदच समजायची.

बंदच समजायची. स्कूटरवर यजमानांच्या मागे बसून केडगावला परतताना हे दोन शब्द पाठीला चिकटून होते. पुणे रस्त्याने कांद्याचे टेम्पो आम्हाला घासून जात होते. उडालेली टरफले माझ्या मांडीवर पडत होती. याच रस्त्याने मी वर्षानुवर्षे विम्याविना गेले होते आणि कधी भ्याले नव्हते. त्या दिवशी प्रत्येक हॉर्नला माझी बोटे त्यांच्या खांद्यात रुतत होती. त्यांनीही गाडी कधी नव्हे इतकी हळू चालवली.

मग कंपनीच्या यादीतल्या डॉक्टरांकडे तपासणी झाली. वृद्ध गृहस्थ, हात थंडगार, स्पिरिटचा वास असलेले. त्यांनी रेघेच्या दोन्ही बाजूंना बोटे टेकवली आणि गिळा म्हणाले. मी गिळले. पुन्हा गिळा. आवाज असाच असतो का, असे त्यांनी विचारले. मी म्हटले, आता असाच आहे. त्यांनी काहीतरी लिहिले. उलट्या बाजूने वाचायचा मी प्रयत्न केला, पण ते अक्षर मला लागले नाही. रक्त गेले, जुने रिपोर्ट गेले, फाइल विभागीय कार्यालयाकडे गेली.

आणि मुदत उन्हात ठेवलेल्या पाण्यासारखी आटत चालली. भाऊजींचा रोज फोन येई. ते मला काही म्हणत नसत; यजमानांना म्हणत, वहिनींचं खरं आपल्याला महागात पडंल. यजमान फोन ठेवत आणि दुकानाकडे निघून जात. एका सकाळी मी न राहवून त्यांना विचारले, चुकले का माझे? ते चप्पल घालता घालता थांबले.

"पोरीला त्या बाईपुढं बसवायचं नव्हतं," ते म्हणाले. "बाकी बघू."

निर्णय मुदतीच्या अगदी काठावर आला. मी वर्गात होते. फोन मेजावर थरथरला आणि खडूची भुकटी हलली. शाखेतून बाई बोलत होत्या. प्रकृतीच्या कागदावर कंपनीने पॉलिसी चालू करायला मान्यता दिली होती, जादा हप्ता न लावता. विलंब शुल्काच्या माफीचा अर्ज मात्र नामंजूर झाला होता. पूर्ण रक्कम मुदतीच्या आत भरली, तरच मान्यता लागू होणार होती.

मी तास अर्ध्यावर सोडला. वाटेत दुकानात पाहिले, तर चार्जिंगचे यंत्र जागेवरच होते; घरी पोचले, तर भाऊजी ओट्यावर बसले होते. दंड भरावा लागलाच तर म्हणून उसाच्या बिलातून उचल घेऊन ते सकाळीच निघाले होते, काही न कळवता. पुढच्या हंगामापर्यंत सवडीने द्या, एवढेच म्हणाले, तेही यजमानांना.

सावेडीला पोचलो तेव्हा खिडकी बंद व्हायची वेळ झाली होती. पावती हातात पडली, तिचा कागद छपाईच्या उबेने अजून कोमट होता. भाऊजींनी ती माझ्याकडून घेतली, पॉलिसीचा क्रमांक आपल्या वहीशी ताडून पाहिला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघितले.

"मंजी, अर्ज नामंजूर, अन् त्यो कोरडा कागुद पास?"

"हो, भाऊजी."

"मंग पुढच्या टायमाला अर्ज मी लिवतो," ते म्हणाले.

यजमान हसले. कित्येक दिवसांनी. जिना उतरताना मी पदर गळ्यावर ओढला नाही. वारा रेघेला लागला, तो उन्हाचा, कडक, धुळीचा होता. आणि खाली रस्त्यावर स्कूटर सुरू करून यजमान माझी वाट पाहत होते.