आरशातला उजवा पाय

नवऱ्याच्या बदलीची बातमी आली तेव्हा मी गणेशगुडीच्या कॉलनीत, धरणाच्या कर्मचाऱ्यांसाठी बांधलेल्या हॉलमध्ये, मुलींना भरतनाट्यम शिकवत होते. लग्नाआधी बेळगावात शिकलेला नाच मी इथे येऊन पुन्हा पायात आणला होता. सुरुवातीला कॉलनीतल्याच मुली यायच्या. मग आसपासच्या गावांतल्याही यायला लागल्या, कारण त्यांना घेऊन येणारी एक बाई होती.

ती एका जंगलातल्या गावात अंगणवाडी चालवायची. विशीतली असेल. घरची भातशेती, बोलणं गावाकडच्या वळणाचं. मुलींना सोडायला आलेली ती दाराशी बसून बघत राहायची. एके दिवशी मीच तिला म्हटलं, "बसण्यापेक्षा उभी राहा." तिने पदर खोचला आणि उभी राहिली. दोन वर्षांत ती माझी सगळ्यात मेहनती विद्यार्थिनी झाली.

बदलीचं मी सांगितलं तेव्हा तिने मुलींकडे बघितलं. मग म्हणाली, "बाई, पोरींचं काय करायचं?"

"तू शिकव."

"मला न्हाई जमणार. तुम्ही म्होरं असता तवा जमतं. घरी गेल्यावर कुठला हात कुठं गेला ते इसरायला होतं."

तिचं खरं होतं. नाच वहीत उतरवून देता येत नाही. तेव्हा माझ्या डोक्यात कॅसेट आली. कॉलनीच्या क्लबात टीव्ही आणि व्हीसीआर होता. रविवारी सिनेमा लागायचा, बाकी वेळ तो झाकून ठेवलेला असायचा. तिथे येऊन ती बघू शकली असती.

रामनगरला लग्नांचं शूटिंग करणारे एकजण होते. खानापूरकडचे, चाळिशीतले, बोलायला मोकळे. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणायचो. मी त्यांना सांगितलं, "अण्णा, यात नवरा-नवरी नाहीत, जेवणाच्या पंगती नाहीत. फक्त मी आणि माझे पाय."

"व्हय अक्का," ते म्हणाले, "मग बरं हाय की. तुम्ही तरी मधेच कुठं मानपानाला जाणार न्हाई."

पहिलं शूटिंग आम्ही सरळ केलं. मी समोर उभी, अण्णांच्या खांद्यावर कॅमेरा. मी बोलत होते, "आता उजवा पाय", आणि पाय मारत होते. मला ते फार छान वाटलं. पुढच्या रविवारी सिनेमाच्या आधी क्लबात मुलींना जमवून कॅसेट लावली आणि मी मागे बसले, जणू मी गेलेलीच आहे.

आमचा एक अडवू आहे, म्हणजे पायाहातांची एक ठरलेली चाल. गुडघे वाकवून अर्धं बसायचं, एक पाय बाजूला लांबवून टाच आपटायची, मग परत आत. आधी उजवा, मग डावा. टीव्हीत मी उजवा पाय लांबवला, आणि तो पडद्यावर मुलींच्या डाव्या हाताकडे गेला. निम्म्या मुलींनी डावा पाय टाकला. निम्म्या थबकल्या. दोघी एकमेकींवर आदळल्या.

अंगणवाडीची बाई उठून टीव्हीजवळ गेली. "बाई, तुमचा आवाज उजवा म्हणतो आनि टीव्हीत पाय डावीकडं जातो. पोरींनी कुणाचं ऐकायचं?"

वर्गात हा घोटाळा कधी व्हायचा नाही, कारण वर्गात मी त्यांच्याकडे पाठ करून उभी राहायचे किंवा त्यांच्यामधून फिरायचे. मी अण्णांना म्हटलं, पाठमोरी घ्या. पण पाठमोरी घेतलं तर हातांच्या मुद्रा दिसेनात, नजर दिसेना. अर्धा नाच पाठीमागे लपला.

"बेळगावात एकाकडं शूटिंग जोडायचा मिक्सर हाय," अण्णा म्हणाले. "चित्र उलटं होतं का इचारून येतो." ते विचारून आले आणि निराश दिसले. त्या यंत्रात आरशासारखं एक बटण होतं खरं, पण ते अर्धं चित्र दुमडून दोन्ही बाजूंना दाखवायचं. त्यात माझा डावा पाय नाहीसा झाला असता आणि दोन उजवे उगवले असते.

मग तेच म्हणाले, "अक्का, आरशातच शूटिंग केलं तर?"

रामनगरच्या एका कापड दुकानात माणूसभर उंचीचा रुंद आरसा होता. दुकानदार अण्णांच्या ओळखीचे. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण दिला. भाताच्या पेंढ्यात निजवून, वरून गोधड्या टाकून तो टेंपोतून आमच्याकडे आला. त्या वळणांच्या रस्त्याने अण्णा मागे आरशाला धरून बसले होते. उतरले तेव्हा केसांत पेंढा होता.

हॉलमध्ये आरसा भिंतीला टेकवला. मी समोर उभी राहिले तर कॅमेरा माझ्या मागे दिसायचा आणि माझीच पाठ मला झाकायची. बराच वेळ आम्ही जागा बदलत राहिलो. शेवटी जमलं ते असं: आरशासमोर मी एका बाजूला, अण्णा दुसऱ्या बाजूला, दोघंही आरशाला तिरपे. मी आरशातल्या स्वतःकडे बघायचं नाही, आरशातल्या कॅमेऱ्याकडे बघायचं. तसं केलं की कॅमेऱ्यातून मी अगदी समोरासमोर दिसायचे आणि अण्णा चित्रात यायचे नाहीत. माझ्या मागच्या भिंतीवर एक साधी चादर लावली.

तरी पहिल्यांदा चित्र अंधुक आलं. कॅमेरा आपोआप काचेवर नजर रोखत होता, आणि मी तर काचेच्या पलीकडे. अण्णांनी ते बटण बंद केलं आणि हाताने भिंग फिरवलं. "आरशापर्यंतचं अंतर न्हाई धरायचं," ते स्वतःशीच बोलले. "आरशापर्यंत आनि तितनं अक्कापर्यंत, दोन्ही मिळून धरायचं."

त्या चित्रात माझा उजवा पाय पडद्याच्या उजवीकडे गेला. मुलींनी बघितलं आणि सगळ्यांचे उजवे पाय एकदम पडले. क्लबाची फरशी वाजली. अण्णा हसले. पण मुलींना सोडायला आलेल्या दोन आया टीव्हीकडे बघून कुजबुजत होत्या. मी विचारलं तर एक म्हणाली, "बाई, तुमचा पदर भलत्याच खांद्यावर आलाय." सगळ्याजणी हसायला लागल्या. खरंच, आरशाने पदरही फिरवला होता.

आता राहिला वेग. मधल्या आणि जलद लयीत पाय कसा पडतो ते मुलींना कळावं म्हणून ते भाग संथ करून दाखवायचे होते. अण्णांच्या दुकानात दोन व्हीसीआर होते. एकावर कॅसेट संथ चालवायची आणि दुसऱ्यावर ते चित्र भरून घ्यायचं. पहिल्यांदा भरलेलं बघितलं तर पायांच्या जागी नुसता पांढरट फराटा. अण्णा म्हणाले, पाय जोरात हलतो तसा तो मुळातच पुसट उतरलाय, संथ केल्याने पुसट ते पुसटच राहणार. कॅमेऱ्यात एक सोय होती, प्रत्येक चित्र फार थोड्या वेळात टिपायची, पण तिला भरपूर उजेड लागायचा. म्हणून आरसा पुन्हा उचलला, अंगणात नेला. ऊन माझ्यावर पडेल पण काचेवर पडणार नाही अशी जागा शोधली, आणि जलद लय पुन्हा नाचले. या वेळी संथ चित्रात माझी टाच जमिनीला टेकलेली, मग सुटलेली, अगदी नीट दिसली.

पण संथ चालवलं की आवाज जातो. ते भाग मुके झाले. त्यांवर मोजणीचे आकडे नंतर बोलून भरावे लागणार होते. दुकानात टीव्हीसमोर माईक ठेवला. मी, अण्णा आणि अंगणवाडीची बाई. ती फक्त सोबतीला आली होती.

मी मोजायला लागले, आणि चुकत गेले. माझे पाय ज्या लयीला सरावलेले, तिथे माझा आवाज धावत जायचा. टीव्हीतला पाय अजून हवेत असायचा आणि मी पुढचा आकडा म्हणून मोकळी. अण्णांनी कितीदा कॅसेट मागे नेली.

तेव्हा ती माझ्या मागून हळूच मोजायला लागली. टाच जमिनीला लागेपर्यंत थांबायची आणि मग आकडा म्हणायची. तिला घाई नव्हती, कारण ती आठवून मोजत नव्हती, बघून मोजत होती.

मी माईक तिच्याकडे सरकवला.

"नको बाई. माझा आवाज कसला. गावचा."

"पोरी कुठल्या आहेत?"

अण्णा म्हणाले, "अक्का बरोबर बोलतात. पोरींना तुझ्या हाकेची सवय हाय."

मग तिने घसा खाकरला आणि मोजलं. पहिल्या वेळेस आवाज थरथरला, तोही तसाच ठेवला. पुढे तो स्थिरावला. एका ठिकाणी मी न सांगताच ती आकड्यांच्या मधे म्हणाली, "गुडघं वाकलेलं ऱ्हाऊदे गं." वर्गात मी हेच वाक्य दिवसभर म्हणायचे, पण तिच्या तोंडून ते कुणाच्या तरी आईने सांगावं तसं आलं. ते संपलं तेव्हा मला कळलं की त्या एका बैठकीत तिने प्रत्येक अडवू इतक्या वेळा बारकाईने बघितला होता की आता तिला माझी फारशी गरज उरली नव्हती. ते जाणवून बरं वाटलं आणि थोडं वाईटही.

कॅसेट तिच्या हातात देऊन आम्ही दुसऱ्या धरणावर गेलो. पत्रं फार झाली नाहीत.

पुढच्या वर्षी भाताची कापणी झाल्यावर मी बेळगावहून येताना वाट वाकडी करून तिच्या गावाला गेले. अंगणवाडीसमोरचं खळं शेणाने सारवलेलं होतं आणि तिथे मुली रांगेत उभ्या होत्या. पूर्वीपेक्षा जास्त. ती त्यांच्यासमोर, त्यांच्याकडे तोंड करून नाचत होती. मी बघत राहिले, आणि मग लक्षात आलं की ती तोंडाने उजवा म्हणत होती आणि स्वतः डावा पाय टाकत होती. हातही तसेच, सगळं उलट. मुलींचे उजवे पाय बरोबर पडत होते.

"हे कुठून शिकलीस?" थांबल्यावर मी विचारलं.

"गावात टीव्ही न्हाई बाई. क्लबात मी एकटीच जाऊन बघून येते. मग इथं मलाच आरसा व्हायला लागतं." तिने कपाळ पुसलं. "पयल्यांदा डोकं फिरायचं. आता सवय झाली."

मला हे कधीच सुचलं नव्हतं. मी नेहमी पाठ फिरवून शिकवत आले होते.

तिने मला चटईवर बसवलं आणि पाण्याचा तांब्या आणून दिला. मुली बुजून माझ्याकडे बघत होत्या. त्यांतल्या बऱ्याच जणींनी मला टीव्हीतही कधी पाहिलं नव्हतं. "बसा जरा," ती म्हणाली, "जलद लय बाकी हाय." आणि मुलींकडे वळून तिने टाळी वाजवली.