फर्स्ट शिफ्टचा हेमंत

विलासचा फोन आला तेव्हा मी डांगे चौकात भाजी घेत होते. "हेमंत गेला गं," तो म्हणाला. मी मेथीची जुडी हातात धरून तशीच उभी राहिले... आणि लगेच पुढचं वाक्य आलं, "मनीषाला एवढ्यात कळवू नकोस. आधी आपण जाऊन येऊ, ती मागून येईल." माणूस जाऊन तास झाला नव्हता, तोवर ह्याने अंत्यदर्शनाच्याही शिफ्ट लावल्या होत्या. रडू यायच्या आधी मला राग आला. महिना उलटला, तो उतरायचं नाव घेत नाही.

आम्ही सगळे डिप्लोमा करून चाकणच्या एका कंपनीत ट्रेनी म्हणून एकदमच लागलो. राहायला थेरगावात कंपनीने घेतलेले फ्लॅट, खाली मुली, वर मुलं. हेमंत लातूरचा. कंपनीच्या बसमध्ये तो सुपरवायझरची अशी नक्कल करायचा की झोपलेला ड्रायव्हरसुद्धा जागा होईल (हो, झोपायचा तो, सिग्नलला). मनीषा चिपळूणची, हसू दाबायला ओढणी तोंडात धरणारी. दोघांचं जमलंय हे त्या दोघांखेरीज सगळ्या बसला ठाऊक होतं. त्यांच्यासाठी खिडकीची सीट कुणी न सांगता रिकामी राहू लागली. मग आमचं सगळंच त्यांच्याभोवती फिरू लागलं. दोघं खुशीत असली की रविवारी सगळी टोळी लोणावळ्याला, दोघांचं बिनसलं की सगळ्यांनी खोलीत बसून कपडे धुवायचे. त्यांचे निरोप मी खालून वर पोचवायचे, अभिनयासकट.

तीन वर्षांनी ते संपलं. घरच्यांनी आडकाठी केली नाही, तिसरं कुणी आलं नाही, नुसतं पटेनासं झालं. चूक कुणाची, असं विचारलं की दोघंही सांगत, कुणाचीच नाही. बॅचला हे पचेना. खलनायकाशिवाय नाटक कसं व्हायचं? आठवड्याभरात मेसमध्ये दोन टेबलं झाली. हेमंतच्या ताटाशेजारी बसलं की मुली आपल्याशी बोलायच्या बंद, मनीषाबरोबर चहा घेतला की मुलं कुजबुजणार. ती दोघं मात्र जिन्यात भेटली तर सरळ बोलत. ते कुणी बघितलंच नाही.

आमच्याच बॅचचा विलास प्रॉडक्शन प्लॅनिंगला होता. त्याने तोडगा काढला, फॅक्टरीतलाच. बारसं असो, वास्तुशांत असो, हेमंत फर्स्ट शिफ्टला आणि मनीषा सेकंडला. माझ्या लग्नात हेमंत पहिल्या पंगतीला जेवून गेला, मनीषा शेवटच्या पंगतीला आली. पुढे व्हॉट्सॲप आलं, तर बॅचचे ग्रुपही दोन. मी विलासला म्हटलं, अरे, त्यांना विचारलंत का कधी? तो म्हणाला, "असं विचारायचं असतं का? समजून घ्यायचं असतं." मी जास्त बोलले तर सगळे म्हणाले, हिला नाटकं हवीत. काही महिन्यांची सोय म्हणून लावलेली शिफ्ट वर्षानुवर्षं चालली. दोघांची लग्नं झाली, मुलं झाली, शिफ्ट कायम.

हेमंतचं लिव्हर गेलं. हॉस्पिटलमध्ये त्याने मला विचारलं, "सगळे येऊन गेले. मनीषा गावाला गेलीय का?" मी बाहेर येऊन तिला फोन लावला, म्हटलं, आत्ता निघ. ती म्हणाली, "विलास म्हणालाय रविवारी संध्याकाळी ये, सकाळी हेमंतच्या सासरची माणसं असतात. नको गं, त्याला अवघडायला होईल." रविवारी दुपारी तो गेला.

तेराव्याला मनीषा कुणालाही न विचारता सकाळीच आली. विलास दारातच पुढे झाला, हळू आवाजात म्हणाला, "अगं, दुपारनंतर ठरलं होतं ना..."

"आता कोण अवघडणारे, विलास?"

आतून हेमंतची बायको वृषाली बाहेर आली. तिने मनीषाचा हात धरून तिला आपल्याजवळ बसवलं आणि सगळ्यांसमोर शांतपणे विचारलं, "ताई, तुम्हाला ह्यांचं तोंड बघायचं नव्हतं का हो? हे म्हणायचे, तिलाच नको असेल, आपण कशाला थांबा."

मनीषा म्हणाली, "मला सांगितलं होतं, त्यालाच मी समोर नकोय."

कुणी मान वर केली नाही. मी केली. एकेकाकडे बघितलं, विलासकडे जरा जास्तच. हे त्या दोघांचं दुःख नव्हतंच. त्यांचं केव्हाच संपलं होतं. संपू दिलं नाही ते आम्हा प्रेमळ मंडळींनी, कारण आमचा ग्रुप मोडायला नको होता.

वृषाली म्हणाली, "तुमच्याकडचा कुठलाही कार्यक्रम असू द्या, निघताना हे दारात चपला शोधत बसायचे. पायाशीच असायच्या. मी म्हणायची, चला ना आता. तर म्हणायचे, थांब, सापडत नाहीयेत..."

मला ते ध्यान लख्ख दिसलं. उंबऱ्याशी वाकलेला, एक डोळा जिन्याकडे, आणि आम्ही मागून ओरडतोय, अरे, निघ ना लवकर.