मंगळवाली, शुक्रवाली

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. मी दहा वर्षांची, चौथीत. स्कॉलरशिपच्या शिकवणीने आठवड्याच्या चार संध्याकाळी खाल्ल्या होत्या, रविवार बुद्धविहारात जायचा. उरले मंगळवार आणि शुक्रवार. आईची हॉस्पिटलात ड्युटी, पप्पांची पालिकेत. भिवंडीत टेमघरच्या घरात पोर एकटी कुढत बसते म्हणून मला त्या दोन संध्याकाळी कुठंतरी घालायचं ठरलं.

आईला पोहणं हवं होतं. कल्याणच्या तरणतलावावरचे सर मात्र सरळ नाही म्हणाले. "पहिला महिना रोज यायला लागतं, बाई. मंगळवारी पाण्याची भीती घालवायची, ती शुक्रवारपर्यंत परत येणार."

मग भिवंडीतच एका शाळेच्या हॉलमध्ये बॅडमिंटन. तिथे दोन बॅच होत्या, सोम-बुध-शुक्र आणि मंगळ-गुरु-शनि. माझा एक वार इकडे, एक तिकडे. सर भला माणूस. "येऊ दे दोन्हीकडे," म्हणाले. पप्पा खूश झाले. पोरीला दुप्पट मैत्रिणी मिळतील असं त्यांना वाटलं. मोठ्या माणसांचा हिशेब हा असा असतो.

कोर्ट एकच, म्हणून सगळा खेळ डबल्सचा. जोड्या मी नसलेल्या दोन दिवसांत जमून गेलेल्या. मंगळवारी पोरी म्हणायच्या, "ही शुक्रवारवाली." शुक्रवारी कापडाचे लूम बंद, गाव गप्प. तेव्हा लूमवाल्या शेठची मुलगी विचारायची, "तू तो मंगलवाली है ना? आज कैसे?" तिच्या बोलण्यात खोट नव्हती. तिला खरंच तसं वाटायचं. कुणी आजारी पडलं की मला बोलवायचे, नाहीतर मी भिंतीवर शटल मारत बसायची. माझा बॅकहँड त्या भिंतीनेच घडवला, आणि चांगला घडवला. पण भिंत "नाइस शॉट" म्हणत नाही. मला फार एकटं वाटायचं. घरी सांगायची सोय नव्हती, आईने केवढ्या हौसेने रॅकेट आणली होती.

मे महिन्यात सरांनी दोन्ही बॅचची स्पर्धा ठेवली. सरांच्या मंगळवारच्या वहीत मी शुक्रवारची, शुक्रवारच्या पोरींना मी मंगळवारची. जोडी कुणीच लावली नाही. सरांनी जीभ चावली आणि मला गुणफलक उलटायला नेटच्या खांबाशी बसवलं.

फायनल मंगळवारच्या जोडीची शुक्रवारच्या जोडीशी. एका भिंतीला एक बॅच, समोरच्या भिंतीला दुसरी, दोन्हीकडे आरडाओरडा. तेवढ्यात पप्पा ड्युटीवरून तसेच आले, घामाघूम, हातात वेफर्सचं पाकीट. टाळ्या वाजवायच्या तयारीत माझ्याजवळ वाकून म्हणाले, "आपल्या कुठल्या गं?"

मी इकडे बघितलं, तिकडे बघितलं.

"थांबा पप्पा," मी म्हटलं, "अजून मॅच चालू हाय. जिंकतील त्या आपल्या."