विसाव्याजवळचं लाल

आबा सकाळी आठला गेले आणि दादाचा फोन मला आला साडेबाराला. मधल्या वेळात त्याने सगळ्या भावकीला कळवलं, मामांना कळवलं, आबांबरोबर मेंढरं राखणाऱ्या म्हाताऱ्यांच्या पोरांनाही कळवलं. सख्खी बहीण शेवटी. कारण मला ठाऊक होतं. सहा वर्षांपूर्वी दादाच्या मुलीच्या लग्नात माझ्या नवऱ्याला फेटा बांधायचं राहिलं होतं, की मुद्दाम ठेवलं होतं, देव जाणे. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं. एकमेकांना काही सांगायचं असलं तर माझ्या तोंडून सांगायचे, आणि दोघांचाही राग माझ्यावरच निघायचा.

"चारला माती हाय," दादा म्हणाला. आमच्याकडे चिता रचली तरी मातीच म्हणतात. "येतीयास का?"

बापाच्या मातीला येतीस का, असं मला विचारलं. तेव्हा मला एवढंच हवं होतं की मी जाईपर्यंत आबांचं तोंड झाकू नये. गेल्या दिवाळीला मी माहेरी गेले नव्हते. नवऱ्याने गाडी काढली नव्हती आणि मीही हट्ट धरला नव्हता. म्हणजे आबांना बघून वर्ष झालं होतं.

पलूसहून आमचं गाव शंभर किलोमीटर. विटा, आटपाडी, दिघंची, आणि म्हसवडच्या अलीकडे गाव. नवरा सतरा वर्षं फौजेत गाडी चालवत होता. त्याच्या मोबाईलचा नेट संपला होता म्हणून माझा मोबाईल समोर अडकवला आणि त्यावर नकाशा लावला. निळी रेघ उठली. खाली पोचायची वेळ आली, तीन एकतीस.

"बघ, अर्धा तास हातात हाय. रडत बसू नकोस," तो म्हणाला.

मी दादाला कळवलं, साडेतीनपर्यंत येतोय.

उसाचे दिवस होते. गाव सोडून पंधरा मिनिटं झाली नाहीत तोच अरुंद पुलावर दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर उभा दिसला. मागच्या ट्रॉलीचं चाक बसलं होतं. पडद्यावर मात्र पुलावरून निळी रेघ सरळ जात होती. आमच्यापुढे दोनच गाड्या होत्या आणि घटना आत्ताची होती. इतक्या लवकर त्या यंत्राला कोण सांगणार? रस्त्यावरच्या लोकांच्या खिशातले मोबाईल किती वेगाने सरकतात त्यावरून ते रंग भरतं, हे मला माझ्या लेकीने सांगितलं होतं. नवऱ्याला हे ऐकायचं नव्हतं. जॅक लावून चाक बदलून होईपर्यंत तो पडद्याकडे बघत होता. आमचीच गाडी जागची हलत नाही म्हटल्यावर पोचायची वेळ एक एक मिनिट पुढे जायला लागली. पूल ओलांडला तेव्हा पडद्यावर तीन एकोणपन्नास होते. मी दादाला पुन्हा कळवलं, चारच्या आत येतोय.

विट्यात बाजार होता. तिथे रेघ नारिंगी झाली, चार मिनिटं जास्त लागतील असं आलं आणि खरंच चार मिनिटं लागली. नवऱ्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू तो नकाशा त्यानेच काढला होता. "मिल्ट्रीत असलं असतं तर..." एवढं म्हणून त्याने हॉर्न वाजवला.

विट्याच्या पुढे माळरान लागतं. तिथे रेंज जाते. बाण आपला रेघेवरून सरकत होता, कारण तो वरच्या उपग्रहावर चालतो, पण रंग शिळे होते. रस्ता खणून ठेवला होता. खडीवरून गाडी वीसच्या वर जाईना आणि रेघ तशीच निळी. आटपाडीजवळ रेंज आली तेव्हा वेळ झाली चार बारा.

मी दादाला फोन लावला आणि चार बारा म्हणून सांगितलं.

"दोन तासांत तीन येळा सांगितलीस," तो म्हणाला. "साडेतीन, मग चारच्या आत, आता चार बारा. तुजा मोबाईल सांगतूय का त्यो सांगतूय?"

'त्यो' म्हणजे माझा नवरा. तो शेजारी ऐकत होता. जबडा आवळून त्याने गिअर टाकला.

"सव्वाचार धर दादा," मी म्हणाले. "त्याच्या पुढं न्हाई जाणार."

"सव्वाचार," दादा म्हणाला आणि फोन ठेवला. मी मनात म्हटलं, ठीक आहे, पंधरा मिनिटं तर पंधरा मिनिटं, पण तो थांबणार आहे. दादा फटकळ आहे, पण शब्दाला पक्का आहे.

दिघंची मागे टाकली. चार आठला आम्ही माळावरच्या फाट्यावर होतो. गाव तिथून सरळ डांबरी रस्त्याने सात किलोमीटर. लहानपणी मी या रस्त्याने आबांच्या मागून शंभर मेंढरं घेऊन चालत गेलेय. त्या रस्त्यावर काय असतं ते मला विचारायचं. दिवसाला दोन एसट्या, दुधाचा टेम्पो आणि बाकी सगळं मोकळं रान.

आणि त्याच रस्त्यावर, गावाच्या अलीकडे, पडद्यावर बोटाच्या पेराएवढा गडद लाल तुकडा उमटला. चार पंधराचे चार सत्तावीस झाले. बाजूला एक करडी रेघ निघाली, तलावामागून वळसा घालून गावात मागच्या अंगाने शिरणारी. त्यावर लिहिलं होतं, सहा मिनिटं लवकर.

"सरळ चला," मी म्हणाले.

"तुला दिसत न्हाई का? फुडं जाम हाय."

"त्या रस्त्याला कसलं आलंय जाम? आवं, जाम व्हायला माणसं लागत्यात. आमच्यात माणसं हायत तरी किती?"

"तुमच्यात मेंढरं लय हायत," तो म्हणाला. "आडवी पडली आसतील."

त्याच वेळी पडद्यावर वरून दादाचं नाव खाली उतरलं. मी हात पुढे केला. त्याच्या आधी नवऱ्याने बोट लावून फोन कापला.

"वळण दिसू दे," तो म्हणाला. "बोलत बसलीस की वळण चुकंल. पोचल्यावर काय ती भांडणं करा."

गाडी वळली. रेघ पुन्हा स्वच्छ निळी झाली आणि चार एकवीस आले. तलावामागचा रस्ता म्हणजे बैलगाडीची चाकोरी, दोन्ही अंगाला बाभळी. तिथून दिवसभरात कुणाचा मोबाईल गेला असेल तर तो चुकून. लाल व्हायला तिथे कुणी नव्हतंच. निळं म्हणजे मोकळं असं आम्ही धरून चाललो, आणि यंत्राने तो डांबरी रस्ता समजून वेळ काढली होती. गाडीचा तळ दोनदा घासला. एकदा खाली उतरून दगड काढावे लागले. दादाला फोन लावावा तर रेंज नाही. मी नवऱ्याला त्या वीस-पंचवीस मिनिटांत जे बोलले ते आमच्या चोवीस वर्षांच्या संसारात बोलले नव्हते. त्यानेही काही कमी केलं नाही. माझ्या बापाचं नाव मात्र त्याने घेतलं नाही, तेवढं खरं.

चार तेहतीसला गाडी दारात उभी राहिली. तुम्ही पोचलात, असं नकाशातल्या बाईने गोड आवाजात सांगितलं.

अंगण रिकामं होतं. पुरुष माणूस एकही नाही. उंबऱ्याशी बायका बसल्या होत्या आणि एक जण आबांना ठेवलेली जागा सारवत होती. चुलती उठून माझ्याजवळ आली. तिने माझ्या मागे बघितलं, तलावाच्या वाटेकडे, आणि तिला कळेना.

"आगं, तू हिकडनं कशी आलीस?" ती म्हणाली. "त्यास्नी गाठ न्हाई पडली? इसाव्याला थांबल्यात की तुज्यासाठी."

चिता आमच्या रानात रचतात. गावापासून तिकडे जाताना त्याच डांबरी रस्त्याच्या कडेला एक दगड आहे. तिरडी तिथे टेकवतात, खांदे बदलतात, त्याला विसावा म्हणतात. थांबायचं म्हणजे दोन-तीन मिनिटं. पुढचं मला चुलतीकडून आणि नंतर भावकीकडून कळलं. म्हाताऱ्यांनी घाई केली म्हणून चारच्या आधीच आबांना उचललं होतं. दादा त्यांच्याशी भांडला. घरात थांबता येत नाही तर विसाव्याला थांबू, ती समोरूनच येणार आहे, असं म्हणून त्याने तिरडी रस्त्याच्या मधोमध टेकवली आणि आबांच्या तोंडावरचं कापड काढून ठेवलं. मागे मातीला आलेल्यांच्या चाळीसेक मोटारसायकली, जिपा, अडकून पडलेली एसटी आणि दुधाचा टेम्पो. प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आणि सगळे जागच्या जागी उभे.

यंत्र खोटं बोललं नव्हतं. तिथे माणसं थांबलीत, एवढंच त्याने सांगितलं होतं. कशासाठी थांबलीत ते सांगायला दादाचा फोन आला होता.

विसाव्याजवळ पोचलो तेव्हा दगडापाशी चुरमुरे आणि गुलाल सांडलेला होता, दुसरं काही नाही. रानात धूर वर चढला होता. मी गाडी पुरती थांबायच्या आत उतरले आणि ढेकळांतून धावत गेले. लाकडांतून पायाचा अंगठासुद्धा दिसत नव्हता.

दादा ओल्या अंगाने उभा होता. फुटलेलं मडकं पायाशी पडलेलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागून येणाऱ्या नवऱ्याकडे, आणि परत माझ्याकडे.

"धा मिनटं त्येंचं तोंड उघडं ठिवलं उन्हात," तो म्हणाला. "माश्या वारत बसलो. फोन केला तर कापलास."

नवरा माझ्या खांद्याच्या मागे उभा होता. त्याचा श्वास मला ऐकू येत होता. एवढीच वेळ होती, त्याने सहा वर्षांचं मौन मोडून एक वाक्य बोलायची. मी कापला, इतकंच. मी वाट पाहिली. तो चितेकडे बघत राहिला. मग मीही काही सांगितलं नाही. माझ्या तोंडून त्यांचे निरोप पोचवायचं मी त्या रानात बंद केलं.

दादा अजूनही धरून आहे की फोन मी कापला. वर्षश्राद्धाला त्याने मला बोलावलं नाही.

त्या संध्याकाळी परत निघालो तेव्हा नवऱ्याने पुन्हा नकाशा लावला. विसाव्यापासून पलूसपर्यंत अखंड निळी रेघ होती आणि खाली वेळ होती आठ चाळीस. आठ चाळीसला गाडी आमच्या दारात उभी राहिली.